मदत हवी आहे: 800 मीटर 3:22 वर अडकलंय, हिमोग्लोबिन 9.6. चार महिने काय आणि कसं खाऊ?

करवीर_800
नमस्कार. वय 20, उंची 158 सेंमी, वजन 47 किलो. पोलीस शिपाई भरतीची तयारी करतेय. गाव सोडून कोल्हापुरात कॉट बेसिसवर राहते, दोन वेळचा मेसचा डबा आहे. मैदानी परीक्षेला साधारण चार महिने आहेत असं धरून चाललेय.

800 मीटरला 2 मिनिटं 50 सेकंदांत आलं तर पूर्ण 20 गुण, आणि मी दोन महिने 3:22 च्या पुढं सरकत नाही. पहिले 400 नीट जातात, दुसऱ्या फेरीत छाती भरून येते आणि पाय जड पडतात. जिना चढतानाही धडधडतं. 4 किलोचा गोळा 4.9 मीटर जातो. गेल्या आठवड्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 9.6 आलं. पाळी दोन महिने आली नाही. उजव्या नडगीत एका जागी दुखतं.

खाणं असं: साडेपाचला चहा आणि दोन बटर, सहा ते आठ मैदान, साडेदहाला पोहे, दोनला डबा (दोन चपात्या, भाजी, आमटी, थोडा भात) आणि त्यावर लगेच चहा. पाचला गोळा आणि व्यायाम. रात्री एकच चपाती खाते, कारण वजन कमी असलं की पळणं हलकं होतं असं ग्रुपमध्ये सगळे सांगतात. रक्तासाठी महिनाभर बीटचा रस आणि गूळ-शेंगदाणे चालू आहेत. काय चुकतंय?

खुराकवाला_गंगावेश
पोरी, एका चपातीवर गोळा कसा जाईल? तालमीत आधी खुराक बघतात, मग जोर-बैठका. सकाळी कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध अर्धा लिटर घे, चार कच्ची अंडी, रात्री भिजवलेल्या बदामाची थंडाई आणि जेवणात दोन चमचे तूप. महिन्यात अंग भरतंय बघ.

माळावरचा_गडी
माझाही हाच प्रश्न आहे. वजन 84 आहे, 1600 ला पोटात कळ येते. भात बंद केलाय, रात्री नुसतं सॅलड. अजून काय बंद करू?

आहार_वही
गडी, तुमचा प्रश्न उलटा आहे, त्याला वेगळा धागा काढा. एवढंच सांगते, पळण्याआधी दोन तासांत भरपेट खाल्लं किंवा घटाघटा पाणी प्यायलं की अशी कळ येते. भात बंद करून ती जाणार नाही.

करवीर ताई, तुमच्या वर्णनात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एक म्हणजे रक्तातलं लोह. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की ते कमी धरतात, तुमचं 9.6 आहे. स्नायूंपर्यंत प्राणवायू पोचवणारं रक्तच कमी, म्हणून पहिली फेरी जाते आणि दुसरीत दम संपतो. या अवस्थेत सराव वाढवून सेकंद कमी होत नाहीत, नुसता थकवा वाढतो.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. पाळी थांबणं आणि हाडात एका जागी दुखणं, हे दोन्ही मिळून शरीर उपाशी असल्याची खूण असू शकते. तुमचं दिवसाचं खाणं मोजलं तर अंदाजे 1400 कॅलरी भरतात. दोन तास मैदान आणि संध्याकाळचा व्यायाम धरून तुम्हाला 2200 च्या आसपास लागतात. एवढी तूट राहिली की शरीर पाळीवरचा आणि हाडं जपण्यावरचा खर्च आधी तोडतं. डॉक्टर पाळी थांबण्याची इतर कारणंही तपासतील, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. रात्रीची ती एक चपाती मात्र आजपासून थांबवा, तीन खा.

आता बीट आणि गूळ. बीट लाल दिसतं म्हणून रक्त वाढवतं असं वाटतं, पण 100 ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. गुळाच्या एका खड्यातून मिळतं तेही एक मिलिग्रॅमच्या आत. तुमच्या वयाच्या बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं. शेंगदाणे चालू ठेवा, पण लोहासाठी नाही, ताकदीसाठी. आणि मुख्य चोर दुपारचा चहा. जेवणावर लगेच घेतलेला चहा आमटी-भाजीतलं लोह बांधून ठेवतो, ते अंगी लागत नाही. चहा सोडू नका, जेवणाआधी आणि नंतर एक तास लांब ठेवा.

रात्रपाळी_सिस्टर
आहारताईंचं बरोबर आहे, पण 9.6 नुसत्या खाण्यानं चार महिन्यांत भरून निघेल असं समजू नका. लोहाची गोळी लागेल, आणि किती ते डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, बघून ठरवायचं. शक्य असेल तर गोळी सुरू करण्याआधी फेरिटिनही करून घ्या, साठा किती उरलाय ते कळतं. सीपीआर या सरकारी दवाखान्यात सीबीसी होते.

मुली गोळी मध्येच सोडतात त्याची कारणं ठरलेली. शौचाला काळं होतं, म्हणून घाबरतात. ते लोहामुळंच होतं, घाबरू नका. मळमळतं, म्हणून सोडतात. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर जेवणानंतर घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण गोळी चालू राहील. बद्धकोष्ठता झाली तर पाणी आणि पालेभाजी वाढवा. गोळी दूध किंवा चहाबरोबर कधीच नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी दिली असेल तर तिची वेळ वेगळी ठेवा.

गोळी नीट पोटात गेली तर महिन्यात हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी वर यायला पाहिजे. आलं नाही तर जंत, बी12 किंवा थॅलेसेमियाची वाहक अवस्था बघावी लागते. आणि 12 झालं म्हणून लगेच थांबू नका, साठा भरायला पुढं आणखी तीनेक महिने लागतात.

खुराकवाला_गंगावेश
सिस्टर, आमच्या तालमीत गोळ्या कुणी खाल्ल्या नाहीत. कच्च्या अंड्यात काय वाईट?

आहार_वही
खुराकवाले काका, पोरीनं पोटभर खावं हे तुमचं अगदी खरं, धाग्यातली सगळ्यात गरजेची गोष्ट तुम्हीच आधी सांगितलीत. पण कच्च्या अंड्यातलं प्रथिन जेमतेम निम्मं पचतं, उकडल्यावर बहुतेक सगळं. चार कच्च्यांपेक्षा दोन उकडलेली परवडली. धारोष्ण दूधही उकळूनच प्यावं, त्यातून ताप आणि पोटाचे आजार येतात, आणि भरतीच्या तोंडावर आठवडाभराचे जुलाब म्हणजे महिन्याची मेहनत गेली. शिवाय तालमीतल्या गड्याला दर महिन्याला रक्त जात नाही. त्याला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह पुरतं.

करवीर_800
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांकडे उद्या जाते. खोलीत गॅस नाही, फक्त विजेची किटली आहे. मेसमध्ये बुधवारी अंडाकरी आणि रविवारी मटण असतं. वरचा खर्च दिवसाला 60-70 रुपयांपर्यंत करू शकते. त्यात कसं बसवू?

आहार_वही
किटलीत अंडी उकडतात, मटकी भिजवून मोडही आणता येतात. तेवढं पुरे.

सव्वापाचला उठल्यावर एक केळं किंवा दोन-तीन खजूर आणि पेलाभर पाणी. चहा-बटर नको. मैदानावरून आल्यावर तासाच्या आत दोन उकडलेली अंडी, मूठभर मोड आलेली मटकी लिंबू पिळून, आणि आदल्या रात्रीच्या डब्यातून बाजूला ठेवलेली भाकरी. मटकी किटलीत पाच-सात मिनिटं उकळून घ्या, कच्ची मूठभर खाल्ली तर क्लासमध्ये पोट फुगतं. साडेदहाचे पोहे राहू द्यात, वर शेंगदाणे आणि लिंबू मागा. चहा हवाच असेल तर साडेअकराला.

दुपारी चपातीऐवजी भाकरी मिळत असेल तर घ्या. ज्वारीची असो वा बाजरीची, दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट आमटी, पालेभाजी, कांदा-लिंबू. सोबत अर्धा पेरू किंवा एक आवळा ठेवा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळं डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. साडेचारला, गोळ्याच्या सरावाआधी, मूठभर शेंगदाणे आणि केळं. रात्री दोन भाकऱ्या, भाजी, आमटी, भात. झोपताना ग्लासभर उकळलेलं दूध, जेवणानंतर तासाभरानं.

प्रथिनांचा हिशोब सांगते, कारण पावडरचा प्रश्न येणारच. तुमच्या वजनाला आणि सरावाला दिवसाला 70 ग्रॅमच्या आसपास पुरतात. दिवसाच्या पाच भाकऱ्यांतून 30 ग्रॅम येतात, हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही. दोन अंड्यांतून 12, मटकीतून 5-6, दोन वाट्या आमटीतून 12-14, दुधातून 8-9, शेंगदाण्यांतून 7. पावडर न घेता भरले की.

रविवारी मटण असतं तेव्हा नुसत्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर थांबू नका, फोडी खा. लोह मांसात असतं आणि ते डाळीतल्यापेक्षा सहज अंगी लागतं. काळीज मिळालं तर उत्तम, आठवड्यातून एकदा पुरे.

बिंदू_चौक_क्लास
पावडरचं एवढं वावडं कशाला? डब्यात आमटी म्हणजे पिवळं पाणी असतं, वाटीला 7 ग्रॅम कुठून येणार? सकाळी क्लास गाठायचा असतो, एक स्कूप घेतला की काम होतं.

आहार_वही
आमटीचं तुमचं म्हणणं खरं आहे. वाटी तिरकी केल्यावर तळाशी डाळ दिसली नाही तर माझा हिशोब पाच-सात ग्रॅमनं खाली येतो, तिथं तिसरं अंडं घाला. पावडर वाईट असते असं मी म्हणत नाही. 60-70 रुपयांत ती बसत नाही, आणि तिनं लोह किंवा कॅलरीची तूट भरत नाही.

करवीर_800
डॉक्टरांकडे जाऊन आले. पाळीसाठी वेगळ्या तपासण्या लिहून दिल्यात. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, 68, फेरिटिन 7. लोहाची गोळी आणि जंताची गोळी दिली. नडगीवर बोटानं दाबल्यावर कळवळले, तर एक्स-रे काढला, तो चांगला आहे. मग उद्यापासून पळू का?

रात्रपाळी_सिस्टर
एवढं कमी फेरिटिन म्हणजे साठा संपलाय, गोळी लागणारच होती. एक्स-रेवर विसंबू नका. हाडाला बारीक चीर असेल तर पहिले दोन-तीन आठवडे ती त्यात दिसत नाही. बोटानं दाबून एकाच बिंदूला दुखतंय तोवर पळणं पूर्ण बंद.

खुराकवाला_गंगावेश
पूर्ण बंद केलं तर दम जातो. मऊ मातीवर हळू जॉगिंग चालेल की.

आहार_वही
माझा कौल सिस्टरकडे. दम राखायला सायकल किंवा पोहणं, तेही नडगी न दुखता जमलं तर. गोळ्याचा सराव जागेवर उभं राहून, उडी न मारता. पण किती दिवस, हे इथून कुणी सांगू शकत नाही. हाडाच्या डॉक्टरांना दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा. आणि पळणं थांबलं म्हणून खाणं कमी करू नका, हाड भरायलाही तेवढंच लागतं.

करवीर_800
ठीक. आज रात्री तीन चपात्या खाल्ल्या, चहा साडेअकरालाच घेतला. महिन्यानं नवीन हिमोग्लोबिन इथंच टाकते.