पगाराचा आकडाच जमत नाही, मग मुलाखत नाकारताना कारण सांगावं का?

कुपवाडकर: साताऱ्याच्या एका कारखान्यातून क्वालिटी इंजिनिअरच्या मुलाखतीचा मेल आलाय, शनिवारी ११ वाजता. जाहिरातीत वर्षाला २.४ ते ३ लाख सीटीसी आहे. आत्ता हातात ३१,००० पडतात, ३६ तरी हवेत. नाही कसं कळवू? कारण लिहायचं का?

माणदेशी: कारण लिहाच, पण सीटीसीच्या भाषेत. ३ लाख म्हणजे महिना २५,०००. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे ७२१ त्यातच बसवलेले असतात. वर तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला, की हातात २०,४७९ उरतात. म्हणजे जाहिरातीतल्या वरच्या टोकालाही साडेदहा हजारांचा खड्डा. ३६ हातात हवे असतील तर सीटीसी ४.९ लाखांच्या आसपास सांगावी लागेल. नुसतं '३६ हवेत' लिहिलंत तर एचआर त्यालाच सीटीसी समजतो आणि गोंधळ होतो.

आलेल्या मेललाच उत्तर द्या, गुरुवारपर्यंत:

'नमस्कार मॅडम, मुलाखतीसाठी निवड केल्याबद्दल आभार. माझी अपेक्षा वार्षिक ४.९ लाख सीटीसीची आहे आणि जाहिरातीतला आकडा ३ लाखांपर्यंत आहे. त्यामुळे शनिवारी येत नाही, ती वेळ दुसऱ्या उमेदवाराला देता येईल. पुढे या पगाराची जागा निघाली तर जरूर कळवा.'

'एवढ्यात कोण येणार' असला टोमणा नको. एमआयडीसीत एचआरवाले एकमेकांना ओळखतात.

घाटावरचा: मला नाही पटत. जाहिरातीतला आकडा घासाघिशीसाठीच असतो. समोर बसल्यावर मालक वाढवतो. जाऊन बघायला काय जातंय?

माणदेशी: वाढवतो, पण किती? मालक स्वतः मुलाखत घेतो अशा छोट्या युनिटमध्ये दहा-पंधरा टक्के सुटतात. इथे साठ टक्क्यांहून जास्त हवेत. शिवाय जुन्या माणसांपेक्षा नव्याला जास्त दिलं की शॉपमध्ये कुरबुर सुरू होते, म्हणून मालकही हात आखडतो. जायचंच असेल तर आधी फोनवर एकच विचारा: 'अनुभवी माणसासाठी ३ च्या वर जाता येतं का?' थेट उत्तर नाही आलं, तर सांगली-सातारा हेलपाटा आणि एक रजा वाचली समजा.

कोयना_९: मी ऑफर लेटरवर सही केलीय, आता हाच मेल पाठवला तर चालेल का?

माणदेशी: नाही दादा, तुमचं प्रकरण वेगळं. सही केलेल्या कागदात नोटीसची अट आहे का ते आधी वाचा.

वाईची_सून: आकडा लिहायला माझा विरोध आहे. ४.९ लिहिलं की तो त्यांच्या नोंदीत बसतो. दोन वर्षांनी ६ ची जागा निघाली तर तिथूनच बोलणी सुरू होणार. 'पल्ला जुळत नाही' एवढं पुरे.

माणदेशी: ताई, धोका आहे खरा. पण आकडाच नसेल तर पुढच्या महिन्यात तेच लोक साडेतीनची जागा घेऊन फोन करतील.

वाईची_सून: करू देत की. फोनवर नाही म्हणायला पैसे पडत नाहीत.

कुपवाडकर: फोन लावला. 'सरांना विचारून सांगते' म्हणाल्या. बुधवारपर्यंत थांबतो, मग मेल. आकडा घालायचा का, ते अजून ठरत नाही.