मदत हवी आहे: गॅस टर्बाइनला इंटरकूलर लावल्यावर नेट वर्क वाढलं, पण एफिशियन्सी घसरली. गणित चुकलं का?

दारव्हा_मेक
यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ राहतो. मेकॅनिकलचा थर्मलचा पेपर राहिलाय आणि गावात विचारायला कोणी नाही, म्हणून इथे लिहितो. काल रात्री लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात एकच गणित तीनदा सोडवलं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

हवा 300 केल्विनला आत येते, टर्बाइनच्या तोंडाशी 1300, प्रेशर रेशो 8. सगळं आदर्श धरलंय, हवेची cp 1.005, गामा 1.4. साध्या सायकलमध्ये हवा कॉम्प्रेसरमधून 543 ला बाहेर पडते आणि टर्बाइनमधून 718 ला. नेट वर्क किलोमागे 340.6 किलोज्यूल, एफिशियन्सी 44.8 टक्के.

मग कॉम्प्रेसरचे दोन सारखे टप्पे केले आणि मधे हवा परत 300 पर्यंत थंड केली. कॉम्प्रेसरला लागणारं काम 244.6 वरून 208.6 वर आलं, नेट वर्क 376.7 झालं. इथवर पटलं. पण एफिशियन्सी 41.8! कॉम्प्रेसर कमी खातो, टर्बाइन तेवढंच देतं, मग एफिशियन्सी खाली कशी? नोट्समध्ये तर 'इंटरकूलिंगने एफिशियन्सी वाढते' असं ठळक लिहिलंय.

अकोटकर
परत तपासा. हवा जेवढी थंड तेवढी मशीन चांगली चालते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की गॅस टर्बाइनची पॉवर पडते, म्हणून हवा आत घेतानाच ओल्या जाळ्यांमधून ओढतात, आपल्या घरच्या कूलरसारखी. थंड हवा म्हणजे जास्त काम, जास्त काम म्हणजे जास्त एफिशियन्सी. नोट्स बरोबर आहेत.

बॉयलरवाले_काका
बापू, मी कोळशाच्या थर्मलवर सव्वीस वर्षं ड्युटी केली. रिजनरेशन केलं का एफिशियन्सी वाढते अन् किलोमागचं काम घटते. आमच्याकडे टर्बाइनातून अर्ध्या वाटेवरून वाफ काढून फीडवॉटर तापवत. ते वाफ मंग पुढची चाकं फिरवत नाही, म्हणून काम घटते. तुह्या गणितात हे कुठंच दिसून नाही राह्यलं.

कोकणातली_वऱ्हाडी
माहेर हिंगणघाट, गॅस टर्बाइनवर बारा वर्षं काम केलंय. भाऊ, तुझं गणित बरोबर आहे. नोट्समधलं वाक्य अर्धवट आहे, तिथे 'रिजनरेटरसोबत' हा शब्द गळलाय.

तू कॉम्प्रेसरकडे पाहिलंस, कम्बस्टरकडे नाही. इंटरकूलर लावल्यावर हवा कम्बस्टरपाशी किती तापमानाला पोचते? 543 नाही, फक्त 404. तिला 1300 पर्यंत न्यायचंच आहे, म्हणून वरचे 140 किलोज्यूल इंधनातून घालावे लागतात. त्या 140 मधून तुला जास्तीचं काम मिळालं 36. 36 भागिले 140 करून बघ, 25.7 टक्के येतात. आता प्रेशर रेशो 2.83 च्या, म्हणजे तुझ्या एकाच टप्प्याच्या, साध्या सायकलची एफिशियन्सी काढ. तीही 25.7 च येईल. हा योगायोग नाही. इंटरकूलर लावून तू 44.8 च्या मोठ्या सायकलला 25.7 ची एक लहान सायकल जोडलीस, म्हणून सरासरी खाली आली.

अकोटकर भाऊ, तुम्ही म्हणता ती हवा कॉम्प्रेसरच्या आधी थंड होते, हा प्रश्न मधल्या कूलरचा आहे. तिथे पॉवर वाढते हे खरंच, पण आदर्श साध्या सायकलची एफिशियन्सी फक्त प्रेशर रेशोवर ठरते. हवा 318 ला आली काय आणि 300 ला आली काय, तो आकडा हलत नाही.

काका, तुमचं म्हणणं वाफेसाठी शंभर टक्के खरं आहे. गॅस टर्बाइनच्या रिजनरेटरसाठी मात्र टर्बाइनमधून काहीच काढत नाहीत. सगळी हवा आपलं काम करून बाहेर पडते, आणि मग चिमणीकडे जाता जाता कॉम्प्रेसरमधून येणाऱ्या हवेला तापवते. म्हणून आदर्श गणितात नेट वर्क जिथल्या तिथे राहतं आणि इंधन तेवढं वाचतं. खऱ्या मशीनमध्ये रिजनरेटरच्या नळ्यांत दोन्ही बाजूंनी थोडा दाब पडतो, त्यामुळे काम किंचित घटतं.

दारव्हा_मेक, आता दोन्ही सायकलींना रिजनरेटर लाव, 80 टक्के इफेक्टिव्हनेस धर.

दारव्हा_मेक
ताई, केलं. साध्या सायकलमध्ये हवा कम्बस्टरआधी 683 पर्यंत तापते, नेट वर्क 340.6 च, एफिशियन्सी 54.9. इंटरकूलरवालीत 655 पर्यंत तापते, नेट वर्क 376.7, एफिशियन्सी 58.1. म्हणजे इंटरकूलरमुळे जी हवा थंड राहिली, तिला एक्झॉस्टची फुकटची उष्णता जास्त घेता आली. आता ते वाक्य समजलं.

मग प्रेशर रेशो 8 वरून 15 केला तर आणखी वाढेल ना?

कोकणातली_वऱ्हाडी
इथेच परीक्षेत पोरं पडतात. रिजनरेटर दिसला की आधी टर्बाइनमधून निघणाऱ्या हवेचं तापमान कॉम्प्रेसरच्या हवेपेक्षा जास्त आहे का, ते बघायचं. तुझ्या 300 आणि 1300 ला, इंटरकूलर नसेल तर, रेशो 13 ला दोन्ही तापमानं सारखी होतात, साधारण 624. 15 ला कॉम्प्रेसरची हवाच जास्त गरम असते. मग रिजनरेटर तिची उष्णता एक्झॉस्टला देऊन टाकतो आणि इंधन उलट जास्त लागतं. इंटरकूलर लावलास तर ही हद्द 30 च्या आसपास सरकते.

अकोटकर
थंड हवेचा मुद्दा चुकला, मान्य. पण एक सांगा. एलएमएस100 नावाच्या गॅस टर्बाइनला फक्त इंटरकूलर आहे, रिजनरेटर नाही, आणि तरी वाफेच्या टर्बाइनची जोड नसलेल्या मशीनांत ती चांगल्या एफिशियन्सीची गणली जाते. इंटरकूलर एकटा नुकसानच करत असेल तर त्यांनी तो लावला कशाला?

कोकणातली_वऱ्हाडी
हा प्रश्न रास्त आहे. तिचा प्रेशर रेशो 40 च्या वर आहे. एवढ्या रेशोला खरा कॉम्प्रेसर टर्बाइनचं बरंचसं काम गिळतो आणि हवाही फार तापवतो. आदर्श गणितात हे दिसत नाही, कारण तिथे कॉम्प्रेसर काहीच वाया घालवत नाही. दारव्हा_मेक, कॉम्प्रेसर आणि टर्बाइन दोन्ही 85 टक्के धरून, रिजनरेटर न लावता परत कर. एकदा रेशो 8 ला, एकदा 20 ला.

बॉयलरवाले_काका
अन् इंटरकूलरातली उष्णता पाण्यात जाते ना? ते पाणी उन्हाळ्यात कुठून आणता? आमच्याकडे मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच एवढं गरम राहे का कंडेन्सरचा व्हॅक्यूम धरत नसे. तुमची हवा 300 वर येईलच कशी?

कोकणातली_वऱ्हाडी
काका, येत नाही. 300 म्हणजे 27 डिग्री. विदर्भातल्या मे महिन्यात पुस्तकातलं ते 'पूर्ण इंटरकूलिंग' विसरा. 320 पर्यंत आली तरी चांगलं म्हणायचं, आणि तेवढा फायदा कमी होतो.

दारव्हा_मेक
आज सकाळी केलं. रेशो 8 ला साधी 29.2, इंटरकूलरवाली 28.6. आदर्श गणितात तीन टक्क्यांचा फरक होता, इथे जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या वर राहिला. रेशो 20 ला उलटलं: साधी 30.2, इंटरकूलरवाली 31.9. म्हणजे अकोटकर दादांचं मशीनही बरोबर आणि माझं पहिलं गणितही बरोबर.

हे सगळं मी दोन्ही टप्पे सारखे धरून केलंय. पण 20 ला पहिला टप्पा लहान ठेवून लवकर थंड केलं तर एफिशियन्सी अजून वाढेल असं वाटतंय. कोणी करून बघितलंय का?