“फक्त सातबारा बघून सांगा” म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला काय उत्तर द्यावं?

सुखदा_वकील
मी जमिनीच्या कागदांचं काम करते. नंबर कुठून तरी मिळवून अनोळखी लोक व्हॉट्सॲपवर सातबाऱ्याचा फोटो पाठवतात: “मॅडम, पाचच मिनिटं. जमीन घ्यावी का एवढंच सांगा.” सरळ नाही म्हटलं तर माणूस दुखावतो, हो म्हटलं तर काम गळ्यात पडतं. न दुखावता पण ठाम असं उत्तर नेमकं कसं लिहायचं?

गटनंबर
या कामात एक रेघ आधी आखून घ्या. जी माहिती सगळ्यांसाठी सारखीच असते, ती खुशाल द्या: सातबारा कुठे मिळतो, फेरफार कसा काढायचा, नोंदीला हरकत किती दिवसांत घ्यायची. पण “ही जमीन घेऊ का” हा त्या माणसाच्या कागदांवरचा निर्णय आहे. तो फोटोवरून द्यायचाच नाही. निरोप असा लिहा:

“नमस्कार. एका सातबाऱ्याच्या फोटोवरून जमीन घ्यावी की नाही हे मी कुणालाच सांगत नाही, कारण बाकीचे कागद न बघता दिलेलं उत्तर तुम्हालाच महागात पडू शकतं. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा ताजा सातबारा काढा आणि त्यावर दिसणाऱ्या फेरफार क्रमांकांचे उतारेही मिळवा. कागद तपासून लेखी मत हवं असेल तर शुल्क अमुक इतकं आहे. तपासणी होईपर्यंत विसार देऊ नका.”

यात नकार पहिल्याच वाक्यात आहे आणि त्याचं कारण माणसाच्या हिताचं आहे, तुमच्या वेळेचं नाही. “सध्या जरा गडबडीत आहे” असं लिहिलंत तर आठ दिवसांनी तोच फोटो पुन्हा येतो, कारण तुम्ही नकार दिलेलाच नसतो, फक्त तारीख पुढे ढकललेली असते. “बघते” हे त्याहून वाईट. समोरचा तो होकार समजतो आणि थांबून राहतो. तीन वेळा “माफ करा” लिहिलं तरी घासाघीस सुरू होते.

सगळ्यात धोक्याचं वाक्य “दिसायला तरी ठीक वाटतंय”. त्याचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत दलालाकडे जातो, “वकिलांनी बघितलंय” म्हणून विसार दिला जातो, आणि इतर हक्कांचा रकाना फोटोत कापला गेलेला होता हे नंतर कळतं.

बांधावरचा
मला हे पटत नाही. ज्याला कळतं त्याने दोन शब्द सांगायला पैसे कशाला मागायचे? विचारणारा बहुतेक वेळा पहिल्यांदाच जमीन घेत असतो, त्याला शुल्क ऐकूनच घाम फुटतो. “वर्ग २ आहे, हात लावू नका” एवढं लिहायला दहा सेकंद लागतात. आणि फुकट सांगितलेल्या गोष्टीची जबाबदारीही आपल्यावर येत नाही.

गटनंबर
पहिल्या भागात तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. वर्ग २ ठळक दिसत असेल तर “हस्तांतराला परवानगी लागते, ती आहे का विचारा” असं जरूर लिहावं, कारण ती सगळ्यांना लागू असणारी माहिती आहे. पण “हात लावू नका” हा निर्णय झाला. रीतसर परवानगी मिळून तोच व्यवहार स्वच्छ होऊ शकतो. उलट वर्ग १ बघून “घ्या” म्हणालात आणि घेणारा शेतकरीच नसला, तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्याला ती घेता येत नाही. हे सातबाऱ्यावर दिसणार नाही, कारण सातबारा विकणाऱ्याचा आहे. नोंद न लागलेले वारसही त्यावर दिसत नाहीत.

जबाबदारीचं म्हणणं मात्र चूक आहे. फी घेतली नाही म्हणून वकिलाचं व्यावसायिक कर्तव्य संपत नाही, आणि समोरच्याचे पैसे तर तुमच्या शब्दावरच गेलेले असतात.

पुण्यातून
आमच्या गावाकडच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत सोसायटीचा बोजा अजून दिसतोय. कर्ज फिटलंय. तो काढायला वकील लागेल का? इथेच विचारतो, क्षमस्व.

गटनंबर
क्षमा कशाला, ही सगळ्यांसाठी सारखी असणारी माहिती आहे. सोसायटीकडून कर्ज पूर्ण फिटल्याचा, म्हणजे बेबाकी दाखला घ्या. बोजा कमी करण्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे करा. फेरफार धरला जातो, हरकतीची मुदत १५ दिवसांची, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वकिलाची गरज सहसा पडत नाही. सोसायटीने दाखला अडवला किंवा नोंद नामंजूर झाली, तर मात्र कागद दाखवून सल्ला घ्या.

दिवाणी_बाजू
एक मुद्दा सगळ्यांकडून सुटला. फोटो उघडण्याआधी फक्त गाव, गट नंबर आणि विकणाऱ्याचं नाव विचारावं. विकणारा आपलाच पक्षकार निघाला तर? घेणाऱ्याने तोवर आपली घासाघिशीची मर्यादा आणि अडचणी लिहून टाकलेल्या असतात, आणि आपण दोघांच्या मध्ये अडकतो. तेव्हा “या गटाबाबत मी सल्ला देऊ शकत नाही, दुसऱ्या वकिलांकडे जा” एवढंच लिहायचं. कारण सांगायचं नाही, कारण सांगितलं की पक्षकाराचं नाव फुटतं.

आणि बांधावरच्यांच्या प्रश्नाला: ज्याला खरंच परवडत नाही त्याला तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे पाठवा किंवा १५१०० हा क्रमांक द्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे. बाईने विचारलं असेल तर तिचं उत्पन्न किती हे बघावंच लागत नाही. नकाराच्या निरोपात ही एक ओळ असली की माणूस रिकाम्या हाताने जात नाही.

बांधावरचा
समिती सल्ला देईल. तीस वर्षांचा शोध घेऊन देणार आहे का? जमीन घेणाऱ्याला तेच हवं असतं.

दिवाणी_बाजू
सल्ला देणं त्यांच्या कामात येतं. खरेदीआधीचा पूर्ण शोध मात्र तिथे मिळेलच असं मी म्हणणार नाही. तिथे तुमचा आक्षेप उभा राहतो.

सुखदा_वकील
शुल्काचा आकडा पहिल्याच निरोपात टाकायला मन धजत नाही. वकिलाने काम मागितल्यासारखं नाही का दिसत? आणि “फक्त एकच सांगा” असा दुसरा निरोप आला तर?

गटनंबर
वकिलाने काम मागत फिरू नये, हे बरोबर. पण समोरून विचारलं असताना शुल्क सांगणं म्हणजे काम मागणं नव्हे. आकडा लपवला की चार निरोपांनंतर तो सांगावा लागतो, आणि तेव्हाच माणूस खरा दुखावतो. दुसऱ्या निरोपाला नवं कारण देऊ नका. कारण बदललं की त्यावर वाद घालता येतो. “वर लिहिलंय तेच लागू आहे, कागद घेऊन या, नीट बघू.” तिसऱ्याला उत्तर नाही दिलं तरी चालतं.

दिवाणी_बाजू
आकड्याबाबत माझं मत वेगळं आहे. कागद किती हे कळल्याशिवाय आकडा दिला तर चार फेरफारांचं आणि चाळीस फेरफारांचं काम एकाच पैशात अंगावर येतं. पहिल्या निरोपात “हे काम सशुल्क आहे” एवढंच लिहा. गट नंबर आणि फेरफारांची यादी आली की आकडा कळवा.