सीएसएमटीच्या सबवेतून झेवियर्सला

बी-३०४ : रविवारी लेकीचं परीक्षेचं सेंटर सेंट झेवियर्स कॉलेजला आलंय. मागच्या वेळी सीएसएमटीच्या सबवेत आम्ही दोनदा चुकलो. एकदा तर वर आलो आणि बघतो तर परत स्टेशनच्याच दारात! कुणी नीट सांगेल का?

सी-२०१ : मॅप लावा ना दादा.

ए-१०२ : मॅप खाली काही कामाचा नाही. जमिनीखाली जीपीएस लागत नाही, निळा ठिपका जिथे अडकला तिथेच बसतो. वर आल्यावरही थोडा वेळ रस्त्याच्या भलत्याच बाजूला दाखवतो. तीस वर्षं फोर्टात नोकरी केली, माझं ऐका.

स्टेशनातून सबवेत उतरताना मनाशी एकच पक्कं करा : स्टेशन आपल्या पाठीला. समोर डी. एन. रोड ओलांडायचाय. म्हणजे उजवा हात महापालिकेकडे, डावा हात फोर्ट आणि हुतात्मा चौकाकडे. तुम्हाला उजवा हवा.

बी-३०४ : काका, तिथेच तर गडबड होते. कव्हर-चार्जरवाल्यांकडे बघत एक गिरकी घेतली की उजवं कुठलं नि डावं कुठलं, कळतच नाही.

ए-१०२ : म्हणून खाली खरेदी नको, येताना करा 😄 गोंधळ झालाच तर दुकानदाराला "महापालिकेकडचा जिना कुठला?" असं विचारा. "मेट्रो" हा शब्द काढू नका. आम्ही मेट्रो म्हणजे मेट्रो सिनेमा समजायचो, आता लोक भुयारी मेट्रोचं स्टेशन दाखवतात.

वर आलात की चालायला लागू नका, आधी बघा. स्टेशनची इमारत रस्त्यापलीकडे दिसतेय का? नसेल आणि ती अगदी डोक्यावर असेल, तर तुम्ही रस्ता ओलांडलाच नाहीत, परत खाली. पलीकडे दिसली तर फिरोजशहा मेहतांचा पुतळा शोधा. तो महापालिकेच्या समोर आहे. पुतळा तुमच्याच बाजूला असेल तर बरोबर. मध्ये महापालिका मार्ग आडवा येत असेल तर तुम्ही फोर्टाच्या बाजूला निघालात.

बी-३०४ : मग आम्ही दुसऱ्यांदा तिथेच निघालो असणार. पुतळा पलीकडे होता, आणि मध्ये गाड्यांची नुसती रांग.

ए-१०२ : तेव्हा पुन्हा खाली उतरायचं, गाड्यांमधून घुसायचं नाही. बरोबर निघालात की महापालिकेची इमारत उजव्या हाताला ठेवून सरळ चाला. कॉलेज त्याच हाताला येतं, रस्ता ओलांडायची गरज नाही.

डी-४०३ : सबवे टाळायचा तर हिमालय पूल आहे ना? तो २०१९ मध्ये पडला होता, पण २०२३ मध्ये नवा सुरू झालाय.

ए-१०२ : आहे, तोही चालेल. पण तो टाइम्सच्या बाजूला उतरतो, तिथून महापालिकेपर्यंत मागे चालत यावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सबवेच सांगेन.

सी-२०१ : आणि रविवार आहे हो! मेगाब्लॉक शनिवारीच बघून ठेवा.

बी-३०४ : अरे हो, ते डोक्यातच नव्हतं. मग डोंबिवलीहून तासभर आधीची गाडी धरतो.