सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन कसं दिलं?

साळुंकी:
परवा पहाटे ६ ला आईच्या लक्षात आलं की बाबांचं (वय ६७) तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही, शब्द फुटत नाही. ७ ला आम्ही हॉस्पिटलात. डॉक्टर बघताक्षणी स्ट्रोक म्हणाले, पण स्कॅनशिवाय औषध देईनात. स्कॅन नॉर्मल आला आणि मग ७:२५ ला इंजेक्शन दिलं! काहीच दिसलं नाही तर दिलं कशाला? आणि द्यायचंच होतं तर ती २५ मिनिटं का घालवली? डोक्यातून जात नाहीये.

वाटसरू७१:
बहुतेक स्ट्रोक गुठळीचेच असतात. घरीच ॲस्पिरिन द्यायची, हार्ट अटॅकला देतात तशी.

रात्रपाळी:
वाटसरू, पहिलं वाक्य बरोबर, दुसरं घातक. ज्यांच्या मेंदूत नळी फुटून रक्तस्राव झालाय, त्यांचंही तोंड असंच वाकडं होतं. बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही. शिवाय गिळता येत नसेल तर गोळी श्वासनलिकेत जाते. ॲस्पिरिन गुठळीच्या पेशंटला देतातच, पण स्कॅननंतर; हे इंजेक्शन दिलं असेल तर साधारण २४ तास थांबून, पुन्हा स्कॅन करून.
साळुंकी, तो स्कॅन रक्तस्राव नाही ना हे बघायला होता. ताजं रक्त सीटीवर लगेच पांढरं दिसतं. रक्त न मिळालेला भाग काळपट दिसायला मात्र कित्येक तास लागतात. म्हणून हात लुळा आणि स्कॅन स्वच्छ, म्हणजे बहुधा गुठळी. रक्तस्रावात हेच औषध दिलं असतं तर रक्त थांबलंच नसतं. त्याआधी बाबांना धडधाकट शेवटचं कोणी, कधी पाहिलं होतं?

साळुंकी:
४ ला पाणी प्यायला उठले तेव्हा आईशी नीट बोलले.

रात्रपाळी:
मग घड्याळ ४ पासून धरायचं, ६ पासून नाही. हे इंजेक्शन द्यायची साडेचार तासांची मुदत ८:३० ला संपत होती. आईंना ते आठवलं नसतं तर रात्री झोपले तेव्हापासून मोजावं लागलं असतं आणि साध्या सीटीवर इंजेक्शन देता आलं नसतं. मुदतीतही जितका उशीर तितका फायदा कमी, हे खरं. पण तेवढा वेळ स्कॅनला द्यावाच लागतो.

मीनाक्षी_व:
माझ्या आईला रक्तस्राव झाला होता. भयंकर डोकं दुखलं, उलट्या, बीपी २१०. त्यावरून कळत नाही का?

रात्रपाळी:
संशय येतो, ताई. पण लहान रक्तस्राव डोकं न दुखताही होतो, आणि गुठळीतही बीपी चढतं. १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय हे इंजेक्शन देत नाहीत.

साळुंकी:
बोलणं थोडं सुधारलंय, हात अजून जड आहे. तो येईल ना?

रात्रपाळी:
इथून सांगता येणार नाही. मोठी नळी बंद होती का, तिचा अँजिओ केला होता का, हे उद्या राउंडला विचारा.

साळुंकी:
विचारते. कागदावर लिहून घेतलंय.