बाईकचं लोन ११% फ्लॅट, दोन हप्ते बाउन्स, आता काय करू?

सातारकर_९१: मंडळी सल्ला हवाय. शोरूममध्येच फायनान्स केलेलं, ८०,००० कर्ज, २४ महिने, ४,०६७ हप्ता. सेल्समन म्हणाला ११ टक्के फक्त. ७ हप्ते वेळेवर गेले, मग पगार लांबला आणि दोन बाउन्स झाले. आता रोज फोन येतात, गाडी उचलू म्हणतात. उचलू शकतात का?

बुलेटवाला: घाबरू नको रे, ९० दिवस झाल्याशिवाय हात पण लावू शकत नाहीत, कायदाच आहे तसा.

जुना_वसुलीवाला: बुलेटवाले, ९० दिवस म्हणजे खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरायची मुदत, गाडी उचलायची नव्हे. कधी उचलायची ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं, आणि तिथे बहुतेक एक हप्ता चुकला तरी डिफॉल्टच. पण आधी नोटीस द्यावी लागते आणि विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी पण. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायला मनाई आहे, तसे आले तर वेळ लिहून ठेव.

आता ते ११ टक्के. फ्लॅट म्हणजे दोन्ही वर्षं पूर्ण ८०,००० वर व्याज, १७,६०० झाले, पण तू तर दर महिन्याला मुद्दल फेडतोयस ना. रिड्युसिंगने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर ११ असता तर हप्ता ३,७२९ च्या आसपास बसला असता आणि व्याज साडेनऊ हजार. तुझा खरा दर एक्सेलमध्ये बघ:

```
=RATE(24,-4067,80000)*12
```

सातारकर_९१: अरे देवा, १९.९ टक्के येतंय!!

नाशिकची_मीनल: माझं लोन फिटून वर्ष झालं तरी आरसीवर अजून फायनान्सचं नाव आहे, ते कसं काढायचं?

जुना_वसुलीवाला: ताई तुमचं वेगळं, कंपनीकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या आणि आरटीओत द्या. एनओसीची तारीख बघा, जुनी झाली तर नवी मागतात.

सातारकर, तू ब्रँचला जाऊन स्टेटमेंट माग. बाउन्स चार्ज, दंड आणि हप्ता वेगवेगळे दाखवायला सांग. एप्रिल २०२४ नंतरचं लोन असेल तर दंडावर परत व्याज चढवता येत नाही. निदान एक हप्ता भर आणि पावती घे, वसुलीला येणाऱ्या पोराच्या हातात रोख देऊ नकोस, आमच्याकडे असे पैसे 'वाटेत' राहायचे.

बुलेटवाला: मग गाडीच देऊन टाकायची, कटकट मिटली.

जुना_वसुलीवाला: कुठली मिटते. बाकी ६०,००० आणि लिलावात आले ४२,००० तर उरलेले १८,००० तुझ्याच नावावर, वर उचलायचा आणि यार्डचा खर्च. सिबिल जातं ते वेगळंच.

सातारकर_९१: उद्या एक हप्ता भरतो. पण पुढच्या महिन्याचा ईसीएस परत बाउन्स झाला तर? तारीख बदलून देतात का हे लोक?

जुना_वसुलीवाला: काही देतात, काही नाही. लेखी अर्ज दे, फोनवरच्या 'हो'वर जाऊ नको.