गेस्ट वायफायवर प्रिंटर सापडत नाही: आयसोलेशन काढावं का?

आर्टिकल_दादर
दादरला एका सीएंकडे आर्टिकलशिप करतोय. आम्ही आर्टिकल्स आपापले लॅपटॉप आणतो, त्यांना गेस्ट वायफाय दिलंय. प्रिंटर मेन वायफायवर होता, तिथे आमचे लॅपटॉप पोचेनात, म्हणून तोही गेस्टवर आणला. तरी सापडत नाही. इंटरनेट मात्र सुसाट. मेनचा पासवर्ड सर देणार नाहीत, क्लायंटचा सगळा डेटा तिथे आहे. ३० सप्टेंबर तोंडावर आलीये. राउटरमधलं आयसोलेशन काढून टाकू का?

मुलुंडकर
ड्रायव्हरचा घोळ. उडवा आणि नवा टाका. शिवाय प्रिंटरला फिक्स आयपी द्या. राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर पाठवत बसतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

वायरमन_परळ
फिक्स आयपी द्याच, पण आत्ताचं दुखणं ते नाही. प्रिंटरवरून नेटवर्कचं पान छापून घे, त्यावरचा आयपी लॅपटॉपवरून पिंग कर आणि काय येतं ते इथे टाक.

आर्टिकल_दादर
```
ping 192.168.0.105
Reply from 192.168.0.112: Destination host unreachable.
```
खाली Lost = 0 आलंय. म्हणजे प्रिंटरपर्यंत पोचतंय ना?

वायरमन_परळ
नाही रे बाबा. तो 112 कोणाचा? तुझ्याच लॅपटॉपचा. लॅपटॉप स्वतःच सांगतोय की समोरचा सापडला नाही, आणि विंडोज तेही उत्तर म्हणून मोजतं, म्हणून Lost शून्य. आता राउटरचा आयपी पिंग कर. तो नीट उत्तर देत असेल, प्रिंटर चालू असेल आणि दोघं एकाच गेस्टवर असतील, तर राउटरच मधे उभा आहे. आयसोलेशन म्हणजे हेच: गेस्टवरचं प्रत्येक यंत्र फक्त बाहेर इंटरनेटला जाऊ शकतं, शेजारच्याशी बोलू शकत नाही. म्हणून प्रिंटर गेस्टवर आणूनही काही फरक पडला नाही.

माझं मत: बऱ्याच राउटरांत दोन वेगळ्या खुणा असतात. `Allow guests to see each other` चालू कर. `Allow guests to access my local network` ला हात लावू नकोस, सरांचा डेटा त्याच्यामागे आहे. काही राउटरांत मात्र दोन्ही मिळून एकच खूण असते. तसं असेल तर थांब.

मीनल_कांदिवली
माझा साफ विरोध. सीएच्या ऑफिसात बाहेरच्या बाकावर क्लायंट बसतात आणि वायफाय मागतात. त्यांना हाच गेस्ट पासवर्ड देता ना? म्हणजे उद्या कुणीही ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी टाकून त्याचं सेटिंगचं पान उघडेल. बहुतेकांनी त्या पानाला पासवर्ड लावलेलाच नसतो. त्यापेक्षा प्रिंटरचं वायफाय डायरेक्ट वापरा.

वायरमन_परळ
मीनलताई, सेटिंगच्या पानाचं म्हणणं मान्य, त्याला पासवर्ड आधी लावायचा. पण वायफाय डायरेक्टला जोडलं की लॅपटॉप बऱ्याचदा गेस्ट सोडतो आणि इंटरनेट जातं. या पोरांना पोर्टल उघडं ठेवून छापायचंय. दर कागदाला वायफाय बदलणार का? आणि लॅपटॉपांचं म्हणाल तर विंडोजमध्ये नेटवर्क Public ठेवलं की बाहेरून आत येणारं बहुतेक सगळं अडतं. छापायला काही अडत नाही, कारण मागणी लॅपटॉपकडूनच जाते.

मीनल_कांदिवली
चारही लॅपटॉप Public वर आहेत हे कोण तपासणार? एखाद्याने घरी Private केलेली सवय इथेही चालवली तर?

अंधेरी_लोकल
माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही प्रिंटर सापडत नाही. तिथे कुठली खूण करायची?

मुलुंडकर
तेच म्हणतोय, ड्रायव्हर.

वायरमन_परळ
@अंधेरी_लोकल, हॉटस्पॉटवर ती खूण सहसा नसतेच. आधी प्रिंटर त्या हॉटस्पॉटला जोडला गेलाय का ते बघा. बरेच प्रिंटर फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात आणि फोन ५ वर असतो.

आर्टिकल_दादर
दोन खुणा वेगळ्या होत्या. पहिली चालू केली, प्रिंटरच्या पानाला पासवर्ड लावला. पिंगला आता 105 कडूनच उत्तर येतंय. नावाने शोधून सापडला नाही, आयपी टाकून जोडला तेव्हा छापलं. पण आता सरांच्या पीसीवरून छापत नाही!

वायरमन_परळ
साहजिक आहे, सर मेनवर आणि प्रिंटर गेस्टवर. सरांच्या पीसीला यूएसबी केबल लाव. यूएसबी आणि वायफाय दोन्ही एकदम चालणारे प्रिंटर खूप आहेत. आणि राउटरमध्ये 105 त्या प्रिंटरसाठी राखून ठेव, इथे मुलुंडकरांचं बरोबर आहे.

मीनल_कांदिवली
आणि गेस्टचा पासवर्ड आजच बदला. क्लायंटने मागितला तर स्वतःचा डेटा वापरा म्हणावं.

आर्टिकल_दादर
केबल लावली, सरांचं चालू झालं. पासवर्डचं विचारलं तर सर म्हणाले, जुन्या क्लायंटला वायफाय नाही म्हणायचं कसं?

मीनल_कांदिवली
मग आयसोलेशन परत चालू करा आणि कागद पेन ड्राइव्हवर घेऊन सरांच्या पीसीवरून छापा.

वायरमन_परळ
पेन ड्राइव्ह? चार जणांचे लॅपटॉप फिरून आलेला पेन ड्राइव्ह थेट क्लायंटच्या डेटाच्या पीसीला? ताई, त्यापेक्षा उघडं गेस्ट परवडलं.